७४.९६ टक्के आले कुठून?

वाचकाचे पत्र : मी पुण्यातील एका स्वायत्त महाविद्यालयात तृतीय वर्षाला शिकते आणि सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहते. आमच्याकडे एका देणगीदाराच्या नावाने शिष्यवृत्ती आहे. सूचनेत अट अशी आहे : ‘प्रथम व द्वितीय वर्षात मिळून किमान ७५ टक्के गुण आवश्यक.’ मला प्रथम वर्षाला ६०० पैकी ४४८ आणि द्वितीय वर्षाला ८०० पैकी ६०२ गुण आहेत. कार्यालयाने लावलेल्या यादीत माझ्या नावापुढे ‘७४.९६, अपात्र’ असे लिहिले आहे. फक्त ०.०४ टक्क्यांसाठी वर्षभराच्या खानावळीचे पैसे हातचे जाणार. ७४.९६ म्हणजे ७५ च धरायला हवेत, असे पत्र मी प्राचार्यांना लिहिणार आहे. मैत्रिणी म्हणतात की घरची परिस्थितीही सविस्तर लिही, म्हणजे त्यांना दया येईल. पत्र कसे लिहू?

उत्तर :

पत्र लिहायला बसण्यापूर्वी दोन्ही गुणपत्रिका समोर ठेवा आणि टक्केवारी थोडा वेळ बाजूला सारून नुसत्या गुणांकडे पाहा. ४४८ आणि ६०२ यांची बेरीज १०५० होते. ६०० आणि ८०० यांची बेरीज १४०० होते. १४०० चे ७५ टक्के म्हणजे बरोबर १०५०. दोन्ही वर्षांचे गुण एकत्र धरले तर तुम्हाला पंचाहत्तर टक्क्यांना एक सहस्रांशही कमी नाही, आणि अटीत ‘किमान’ असल्यामुळे नेमके ७५ टक्के मिळवणारी विद्यार्थिनी पात्र ठरते. म्हणजे जी सवलत मागण्यासाठी तुम्ही पत्र लिहायला निघाला आहात, तिची तुम्हाला बहुधा गरजच नाही. तुम्हाला मागायची आहे ती हिशेबाची फेरतपासणी.

मग यादीत ७४.९६ आले कुठून? हा आकडाच त्याचे उत्तर देतो. १४०० गुणांपैकी एका गुणाची किंमत ०.०७ टक्क्यांहून किंचित अधिक असते. १०५० गुणांना ७५.०० टक्के होतात आणि त्याखालच्या १०४९ गुणांना ७४.९३. मधे दुसरी पायरी नाही. पूर्ण गुणांत बेरीज झालेल्या कोणत्याही विद्यार्थ्याला १४०० पैकी ७४.९६ टक्के पडूच शकत नाहीत. अर्धा गुण देण्याची पद्धत असती आणि एकूण बेरीज १०४९.५ आली असती, तर दोन दशांश स्थळांपर्यंत हा आकडा आला असता. पण तुमच्या दोन्ही बेरजा पूर्णांकात आहेत. त्यामुळे कार्यालयाने तुमचे एकूण गुण एकूण कमाल गुणांनी भागलेले नाहीत, एवढे त्या एका आकड्यावरून निश्चित सांगता येते.

कार्यालयाने काय केले असावे, याचाही अंदाज करता येतो. प्रथम वर्षाचे ४४८ भागिले ६०० म्हणजे ७४.६७ टक्के. द्वितीय वर्षाचे ६०२ भागिले ८०० म्हणजे ७५.२५ टक्के. या दोहोंची बेरीज १४९.९२ आणि तिचे निम्मे ७४.९६. तुमच्या नावापुढचा आकडा तंतोतंत जुळतो. दोन्ही गुणपत्रिकांवर त्या त्या वर्षाची टक्केवारी छापलेली असते. ती दोन शेजारच्या रकान्यांत भरायची आणि तिसऱ्या रकान्यात सरासरी काढायची, ही कार्यालयातली रोजची सोयीची रीत आहे. शंभर-दीडशे अर्ज हाताखालून जात असताना ही रीत चुकीचे काही करते आहे, असे कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण दोन्ही वर्षांचे कमाल गुण सारखे असतील तर दोन्ही रीतींचे उत्तर एकच येते. तुमच्याकडे एक वर्ष ६०० चे आणि दुसरे ८०० चे आहे, म्हणून फरक पडला.

हा फरक नीट समजून घ्या, कारण तुमच्या पत्राचा सगळा भार त्यावर राहणार आहे. सर्व गुण एकत्र केले की प्रथम वर्षाचा एक गुण आणि द्वितीय वर्षाचा एक गुण यांची किंमत सारखीच राहते. वर्षावर्षाच्या टक्केवारीची सरासरी काढली की ६०० गुणांचे वर्ष आणि ८०० गुणांचे वर्ष समान वजनाचे होतात. त्यामुळे प्रथम वर्षाच्या एका गुणाने सरासरी सुमारे ०.०८ टक्क्याने हलते, तर द्वितीय वर्षाच्या एका गुणाने ती ०.०६ टक्क्याच्या आसपासच हलते. तुमची प्रगती दुसऱ्या वर्षी झाली, म्हणजे ज्या वर्षाचे गुण अधिक आहेत त्याच वर्षी तुम्ही पुढे गेलात. आणि सरासरीच्या रीतीने नेमके तेच वर्ष हलके केले.

आता ज्या ठिकाणी मला तुम्हाला थोडे थांबवायचे आहे, तो मुद्दा. दोनपैकी ‘खरी’ रीत कोणती, हे गणित ठरवत नाही. ते योजनेचा नियम ठरवतो. एखादा देणगीदार असेही म्हणू शकतो की मला दोन्ही वर्षे समान महत्त्वाची वाटतात, म्हणून दोन टक्केवाऱ्यांची सरासरी धरा. त्यात गैर काही नाही. तुमच्या सूचनेतल्या अटीत मात्र दोन्ही वर्षांत मिळून ७५ टक्के गुण असे म्हटले आहे, आणि त्याचा सरळ अर्थ दोन्ही वर्षांचे गुण एकत्र धरावेत असाच होतो. ‘दोन वर्षांच्या टक्केवारीची सरासरी’ असे त्यात कुठेही नाही. तुमची बाजू भक्कम आहे ती या शब्दरचनेमुळे. तरीही सूचना ही मूळ नियमावलीचा सारांश असू शकते. देणगी स्वीकारताना महाविद्यालय आणि देणगीदार यांच्यात जे अटींचे पत्र झालेले असते, त्यात पात्रता कशी मोजावी हे लिहिलेले असेल, तर तेच अंतिम. म्हणून तुमच्या पत्रात ‘कार्यालयाने चूक केली’ असे विधान करू नका. सूचनेतील अट अशी आहे, त्याप्रमाणे हिशेब असा होतो, यादीतील आकडा वेगळ्या रीतीने आलेला दिसतो, तरी कृपया तपासावे, एवढेच म्हणा. समितीला स्वतःचा निर्णय सन्मानाने बदलता येईल अशी जागा त्यात राहते, आणि तुम्हालाही नंतर कोणताही शब्द मागे घ्यावा लागत नाही.

या बदलाची झळ दुसऱ्या कुणाला बसू शकते, याचीही जाणीव ठेवा. समजा तुमच्याच वर्गातील एका विद्यार्थ्याला प्रथम वर्षाला ६०० पैकी ४५६ आणि द्वितीय वर्षाला ८०० पैकी ५९२ गुण आहेत. त्याच्या टक्केवाऱ्या ७६ आणि ७४, सरासरी बरोबर ७५. म्हणजे सध्याच्या यादीत तो पात्र असणार. पण त्याचे एकूण गुण १०४८ होतात आणि १४०० पैकी त्याची टक्केवारी ७४.८६ भरते. एकत्रित गुणांची रीत लावली तर तुम्ही आत येता आणि तो बाहेर जातो. म्हणूनच ‘माझ्यापुरता हिशेब बदला’ अशी मागणी कोणत्याही समितीला मान्य करता येणार नाही. मागणी अशी हवी की सूचनेत जी रीत आहे ती सर्व अर्जदारांना सारखी लावावी. ही मागणी अधिक न्याय्य आहे, आणि एका विद्यार्थिनीवर मेहेरबानी केल्याचा ठपका समितीवर येत नाही, त्यामुळे ती मान्य होण्याची शक्यताही अधिक असते.

तुम्ही ज्या गृहीतावर मूळ पत्र उभे करणार होता, ते पूर्णांकाचे गृहीत मी मोडून काढतो आहे, ते का तेही सांगतो. ७४.९६ हा आकडा जवळच्या पूर्ण संख्येत मांडला तर ७५ होतो, एका दशांश स्थळापर्यंत मांडला तर ७५.० होतो, आणि दोन स्थळांपर्यंत मांडला तर ७४.९६ च राहतो. म्हणजे किती स्थळांपर्यंत मांडायचे हे आधी ठरल्याशिवाय ‘७४.९६ म्हणजे ७५’ या वाक्याला अर्थ येत नाही, आणि ते ठरवण्याचा अधिकार अर्जदाराचा नाही. शिवाय पूर्ण संख्येचा न्याय तुम्हाला लावला तर तो सर्वांना लावावा लागेल. मग ७४.५ टक्के असलेलाही ७५ ठरतो. १४०० पैकी १०४३ गुण पुरेसे होतात. पंचाहत्तरची अट प्रत्यक्षात साडेचौऱ्याहत्तरची होते आणि नवी सीमारेषा सात गुणांनी खाली जाऊन तिथे १०४२ गुणांचा दुसरा विद्यार्थी हाच अर्ज घेऊन उभा राहतो. त्यातही कुणी आधी एका स्थळापर्यंत आणि मग पूर्ण संख्येपर्यंत असे दोनदा मांडले, तर ७४.४६ चे ७४.५ आणि त्याचे ७५ होतात. एका पायरीत मांडले असते तर ते ७४ च राहिले असते. अशा दुहेरी मांडणीने आलेली टक्केवारी मी अर्जांवर पाहिलेली आहे, आणि समितीत कुणी एकाने जरी गुणपत्रिका उघडून पाहिली तरी ती टिकत नाही.

कायद्याचा कलही याच बाजूचा आहे. ओरिसा लोकसेवा आयोगाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली यावर स्पष्ट निर्णय दिला. न्यायिक सेवेच्या मुख्य परीक्षेत एकूण किमान ४५ टक्के गुणांची अट होती आणि उमेदवाराला ७५० पैकी ३३७, म्हणजे ४४.९३ टक्के होते. पंचेचाळीस टक्क्यांना ३३७.५ गुण लागत होते. अवघा अर्धा गुण कमी. तरीही नियमात पूर्णांकाची तरतूद नसेल तर ४४.९३ चे ४५ करता येणार नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. ते प्रकरण नोकरभरतीचे होते आणि तुमचा विषय खासगी देणगीतून चालणाऱ्या शिष्यवृत्तीचा आहे, त्यामुळे तो निर्णय जसाच्या तसा इथे लागू होतो असे मी म्हणणार नाही. पण समितीतील एखाद्या प्राध्यापकाला तो ठाऊक असेल, तर पूर्णांकावर उभे असलेले तुमचे पत्र पहिल्या दोन मिनिटांत निकालात निघेल आणि तुमचा खरा मुद्दा वाचलाही जाणार नाही. तुमच्या योजनेच्या नियमावलीत ‘०.५ व त्यावरील अपूर्णांक पुढील पूर्णांक धरावा’ असे लेखी असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हा त्या कलमाचा क्रमांक देऊन ते जरूर मागा. लेखी नसेल तर या वाटेला जाऊ नका.

मैत्रिणींचा सल्ला आपुलकीचा आहे, पण या पत्रापुरता तो बाजूला ठेवा. घरची परिस्थिती खरी असेल, आणि ती तशी असावी असे तुमच्या पत्रावरून वाटते, तरी ती ७४.९६ चे ७५ करत नाही. एकाच पत्रात हिशेबाचा मुद्दा आणि आर्थिक अडचण दोन्ही आले, की वाचणाऱ्याचे लक्ष अडचणीकडे जाते आणि उत्तर तेवढ्यालाच येते : ‘सहानुभूती आहे, परंतु निकषात बसत नाही.’ हिशेबाला उत्तर मिळतच नाही. आर्थिक मदतीसाठी स्वतंत्र अर्ज करा. अनेक महाविद्यालयांत विद्यार्थी साहाय्य निधी असतो आणि पुण्यात बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना निवास-भोजनात मदत करणाऱ्या संस्थाही जुन्या आहेत. त्या अर्जाला उत्पन्नाचा दाखला, खोलीच्या भाड्याची पावती, खानावळीचे बिल अशी कागदपत्रे जोडा. तिथे परिस्थिती हाच विषय असतो, म्हणून तिथे ती मोकळेपणाने लिहा.

आता कामाची पहिली पायरी. पत्र देण्याआधी एकदा शिष्यवृत्तीच्या खिडकीवर जा आणि शांतपणे विचारा की ही टक्केवारी कशी काढली आहे, हिशेब पाहायला मिळेल का. दुपारच्या गर्दीत जाऊ नका. हिशेब बहुधा संगणकावरच्या तक्त्यात असेल आणि त्यातल्या टक्केवारीच्या चौकटीवर क्लिक केले की वर सूत्र दिसते. तिथे पहिल्या ओळीसारखे सूत्र असेल, तर माझा अंदाज खरा. हवे ते दुसऱ्या ओळीसारखे :

```
=AVERAGE(74.67, 75.25)
=(448+602)/(600+800)*100
```

पहिल्याचे उत्तर ७४.९६ येते, दुसऱ्याचे ७५. तक्त्याबद्दल आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिच्यामुळे बरेच गैरसमज होतात. चौकटीत दिसणारी संख्या आणि आत साठवलेली संख्या वेगळी असू शकते. चौकट पूर्ण संख्या दाखवण्यासाठी लावलेली असेल, तर आत ७४.८३ असूनही बाहेर ७५ दिसते, पण पात्र-अपात्र ठरवणारे सूत्र आतल्या संख्येशीच तुलना करते. फलकावर ‘७५, अपात्र’ असे वाचून चिडलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा हेच घडलेले असते. समितीला यावर कायमचा उपाय हवा असेल तर टक्केवारी काढूच नये; मिळालेले गुण गुणिले १०० आणि कमाल गुण गुणिले ७५ यांची तुलना करावी. तुमच्या बाबतीत दोन्हीकडे १,०५,००० येतात. भागाकारच नाही, त्यामुळे अपूर्णांकाचा प्रश्नच उरत नाही.

खिडकीवरच दुरुस्ती झाली तर उत्तम. झाली नाही, किंवा ‘पत्र द्या, मग बघू’ असे उत्तर आले, तर खालील मसुदा वापरा. तो मुद्दाम छोटा ठेवला आहे; प्राचार्यांच्या टेबलावरचे पत्र एका पानात संपले पाहिजे आणि हिशेब पहिल्या दहा ओळींत दिसला पाहिजे.

> प्रति,
> मा. प्राचार्य,
> (महाविद्यालयाचे नाव), पुणे.
> (मा. निमंत्रक, शिष्यवृत्ती समिती यांच्यामार्फत)
>
> विषय : शिष्यवृत्तीच्या पात्रता यादीतील टक्केवारीची फेरतपासणी करणेबाबत.
> संदर्भ : शिष्यवृत्तीची सूचना, दिनांक …, पात्रता यादी, दिनांक …, अनुक्रमांक …
>
> महोदय,
>
> मी तृतीय वर्षाची विद्यार्थिनी असून वरील शिष्यवृत्तीसाठी मी मुदतीत अर्ज केला आहे. संदर्भातील सूचनेत ‘प्रथम व द्वितीय वर्षात मिळून किमान ७५ टक्के गुण’ अशी अट आहे. माझे गुण पुढीलप्रमाणे आहेत : प्रथम वर्ष ६०० पैकी ४४८, द्वितीय वर्ष ८०० पैकी ६०२, एकूण १४०० पैकी १०५०. यानुसार एकत्रित टक्केवारी नेमकी ७५.०० होते.
>
> यादीत माझी टक्केवारी ७४.९६ अशी नमूद आहे. प्रथम वर्षाचे ७४.६७ टक्के व द्वितीय वर्षाचे ७५.२५ टक्के यांची सरासरी ७४.९६ येते, त्यामुळे ती सरासरीने काढली गेली असावी असे दिसते. दोन्ही वर्षांचे कमाल गुण वेगवेगळे असल्याने या सरासरीत आणि एकूण गुणांच्या टक्केवारीत फरक पडतो.
>
> तरी सूचनेतील अटीनुसार एकूण गुणांवर आधारित टक्केवारी सर्व अर्जदारांसाठी तपासून पाहावी, ही नम्र विनंती. योजनेच्या मूळ नियमावलीत वेगळी पद्धत विहित असल्यास त्या तरतुदीची प्रत मिळावी. शिष्यवृत्तीची अंतिम यादी दिनांक … रोजी लागणार असल्याने त्यापूर्वी लेखी निर्णय कळवल्यास मी आभारी राहीन.
>
> आपली विश्वासू,
> (नाव, वर्ग, हजेरी क्रमांक, भ्रमणध्वनी)
>
> सोबत : दोन्ही गुणपत्रिकांच्या स्वसाक्षांकित प्रती, सूचनेची प्रत, यादीच्या संबंधित पानाची प्रत.

या मसुद्यात ‘फक्त’, ‘अवघे’, ‘अन्याय’ असे शब्द नाहीत, ते तसेच राहू द्या. ‘फक्त ०.०४ टक्के कमी’ असे लिहिताक्षणी तुम्ही स्वतःच कमी असल्याचे मान्य करता आणि मग वाद सवलतीचा होतो. नियमावलीची प्रत मागणारे वाक्यही गाळू नका. समितीकडे वेगळी लेखी पद्धत असेल तर ती तुमच्यासमोर येते. नसेल, तर ती नाही हे समितीच्याही लक्षात येते.

पत्राच्या दोन प्रती घेऊन जा. एक आवक विभागात द्या आणि दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का आणि सही घ्या. ही पोच नसेल तर पंधरा दिवसांनी पत्र ‘आलेच नाही’ होऊ शकते, आणि तोवर अंतिम यादी लागून रक्कम वाटली गेली तर तुमची बाजू खरी असूनही समितीकडे द्यायला पैसे उरत नाहीत. पत्र देऊन झाल्यावर निमंत्रक प्राध्यापकांना प्रत्यक्ष भेटा आणि फक्त तो तीन ओळींचा हिशेब दाखवा.

उत्तर काय येऊ शकते, त्याचाही विचार करून ठेवा. समितीने मूळ नियमावली दाखवली आणि त्यात वर्षवार टक्केवारीची सरासरी असे स्पष्ट असेल, तर तुम्ही ७४.९६ वरच आहात. ते मान्य करा आणि एकच लेखी विनंती करा : पात्र अर्जदार शिष्यवृत्तींच्या संख्येपेक्षा कमी पडल्यास उरलेली जागा कशी भरली जाते ते कळावे आणि तुमचे नाव प्रतीक्षा यादीत घ्यावे. खासगी देणगीच्या योजनांत अशा जागा रिकाम्या राहतात, आणि देणगीदाराच्या संमतीने समिती त्या भरू शकते. लेखी नियम काहीच नसेल आणि ‘आम्ही दरवर्षी असेच करतो’ एवढेच उत्तर आले, तर प्रश्न अजून खुला आहे, कारण सूचनेतले शब्द त्या प्रथेच्या विरोधात जातात. तेव्हा महाविद्यालयाच्या विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार अशी समिती असणे बंधनकारक आहे, आणि तिच्या निर्णयावर समाधान झाले नाही तर विद्यापीठ पातळीवरील लोकपालाकडे दाद मागता येते. त्या अर्जाला तुमचे पोच असलेले पत्र आणि मिळालेले उत्तर जोडावे लागेल, हे सगळे लेखी करण्याचे ते दुसरे कारण. सध्याच्या टप्प्यावर मात्र पहिल्याच पत्रात तक्रार समितीचा उल्लेख करू नका. तो धमकीसारखा वाचला जातो.

तुमच्यासारखीच पत्रे इतरही वाचकांकडून येतात, पण सगळ्यांची बाजू अशी निघत नाही. बारावीला ६०० पैकी ४४९ गुण असलेला विद्यार्थी ७४.८३ टक्क्यांवर असतो आणि त्याच्या हिशेबात दुसरी कोणतीही रीत दडलेली नसते. ७५ टक्क्यांना ४५० गुण लागतात आणि त्याला एक गुण कमी आहे. त्याने महाविद्यालयाला पत्र लिहिण्यात वेळ घालवू नये. निकालानंतर मंडळ ठरावीक मुदतीत गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि त्यानंतर पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज घेते. एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे का, बेरीज चुकली आहे का, हे पाहण्याची जागा ती आहे. गुण वाढतीलच असे नाही, पण एक गुण वाढण्याची जी काही शक्यता आहे ती तिथेच. दरम्यान शिष्यवृत्तीचा अर्ज मुदतीत भरून ठेवावा आणि पुनर्मूल्यांकनाचा निकाल प्रलंबित असल्याचे अर्जासोबत लेखी कळवावे.

महाडीबीटी पोर्टलवरील शासकीय योजनांसाठी अर्ज करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की तिथले निकष शासन निर्णयाने ठरलेले असतात. महाविद्यालय अर्ज तपासून पुढे पाठवते. निकष शिथिल करण्याचा अधिकार प्राचार्यांना नसतो. तिथे महाविद्यालयाकडून दुरुस्त करून घेता येते ती फक्त चुकीची भरलेली माहिती, उदाहरणार्थ कमाल गुण ६०० ऐवजी ६५० टाकले गेले असतील तर.

ज्यांच्या गुणपत्रिकेवर गुणांऐवजी श्रेणी गुणांक असतात, त्यांच्या बाबतीत चूक जवळपास हीच होते, पण वजन गुणांऐवजी क्रेडिटचे असते. सत्रांचे गुणांक नुसते बेरीज करून सत्रांच्या संख्येने भागले आणि सत्रांची क्रेडिट वेगवेगळी असली, की उत्तर चुकते. प्रत्येक विषयाचा श्रेणी गुण त्याच्या क्रेडिटने गुणून, सगळ्यांची बेरीज एकूण क्रेडिटने भागावी लागते. त्यानंतर टक्केवारीत रूपांतर करायचे असेल तर आपल्या विद्यापीठाने आपल्या अभ्यासक्रमासाठी आणि आपल्या पॅटर्नसाठी जे सूत्र दिले असेल तेच वापरायचे. दुसऱ्या मंडळाचे किंवा विद्यापीठाचे सूत्र लावून काढलेली टक्केवारी जास्त येत असली तरी ती ग्राह्य धरली जात नाही. अशा वाचकांनी पत्रासोबत परीक्षा विभागाकडून मिळणारे रूपांतराचे प्रमाणपत्र जोडावे. ते मिळायला काही दिवस लागतात, म्हणून पात्रता यादी लागण्याची वाट न पाहता, शिष्यवृत्तीचा अर्ज भरतानाच त्यासाठी अर्ज करून ठेवावा.